शितावरून भाताची परीक्षा : जनमतपाहणीतील चुकीची मर्यादा

सन २०१८ च्या डिसेंबरातली गोष्ट आहे. मध्य प्रदेश विधानसभेचे मतदान २८ नोव्हेंबरला होऊन गेले होते आणि ७ डिसेंबरच्या संध्याकाळी निरनिराळ्या वाहिन्यांनी आपापल्या पाहण्यांचे अंदाज जाहीर केले. बुधवाऱ्यातल्या चहाच्या हॉटेलात त्या रात्री माणसांना बसायला जागा नव्हती. एका पाहणीने भारतीय जनता पक्षाला १२६ आणि काँग्रेसला ८९ जागा दिल्या होत्या. दुसरीने भाजपला १०२ ते १२० आणि काँग्रेसला १०४ ते १२२ अशी ऐसपैस पैस ठेवली होती. सारे एकमेकांवर तुटून पडले. तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक वडीलधारे मागवाले चाचा मला म्हणाले, “मास्तरसाहेब, तुम्ही गणित शिकवता, तेव्हा तुम्हीच सांगा. माझ्या घरी कुणी विचारायला आले नाही. तुमच्याकडेही आले नसेल. साऱ्या गल्लीत कुणाला विचारलेले नाही. मग हे आकडे आणले कोठून?”

चाचांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या वर्षी राज्यात पाच कोटींहून थोडे अधिक मतदार होते. एखाद्या संस्थेने हजार माणसांना विचारले, तर पन्नास हजारांत एकाचा नंबर लागला. विधानसभेच्या जागा २३० आहेत. म्हणजे एका मतदारसंघाच्या वाट्याला चार-पाच माणसे आली. एवढ्याशा माणसांवरून साऱ्या राज्याचे मन कळते असे म्हणणे प्रथमदर्शनी थट्टाच वाटते. मी चाचांना त्या रात्री जे उत्तर दिले ते अर्धवट होते, कारण चहाच्या टेबलावर वर्गमूळ समजावता येत नाही. पुरते उत्तर येथे मांडतो.

आपल्या घरोघरी शितावरून भाताची परीक्षा होते. पातेले दोन माणसांचे असो की लग्नाची देग असो, स्वयंपाक करणारा तेवढीच चार शिते बोटांत दाबून पाहतो. देग पन्नासपट मोठी म्हणून तो पन्नासपट शिते काढत नाही. जनमतपाहणीतली पहिली गोष्ट हीच आहे. अंदाज किती नेमका येईल हे विचारलेल्या माणसांच्या संख्येवर ठरते. ती माणसे किती मोठ्या लोकसंख्येतून निवडली यावर जवळजवळ नाही. बुऱ्हाणपूरच्या मतदारांचे मन जाणण्यासाठी हजार माणसे लागत असतील, तर साऱ्या मध्य प्रदेशासाठीही तितकीच नेमकेपणाने हजारच पुरतात. मात्र म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, देग नीट ढवळलेली आहे आणि शीत कुठूनही उचलले आहे. या गृहीताकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

भात आणि मतदार यांत एक फरक आहे. भाताची सारी शिते साधारण एकसारखी शिजतात, म्हणून चार पुरतात. मतदारांचे तसे नसते. दहांतले चार इकडचे, सहा तिकडचे. तेव्हा किती शिते काढली म्हणजे अंदाज कितपत बरोबर येईल? हे मुलांना पटावे म्हणून मी दरसाल वर्गात चिंचोक्यांचा खेळ करतो. हजार चिंचोके घ्यायचे, त्यांतले ४०० दगडावर घासून पांढरे करायचे आणि सारे कापडी पिशवीत घालून खूप हलवायचे. मग चाळीस मुलांनी पाळीपाळीने डोळे मिटून पंचवीस-पंचवीस चिंचोके काढायचे, पांढरे मोजून आकडा फळ्यावर लिहायचा आणि चिंचोके परत पिशवीत टाकून ती हलवायची. पिशवीत पांढऱ्यांचे प्रमाण शेकडा ४० आहे, म्हणजे पंचविसांत दहा यायला हवेत. एका वर्षीचा फळा मला अजून आठवतो. नऊ, दहा, अकरा हे आकडे पुष्कळ मुलांना आले. सात आणि तेराही बरेच होते. एका मुलाला फक्त चार आले आणि एका मुलीला सोळा. बाकी अडतीस मुलांचे आकडे पाच ते पंधरा यांच्या दरम्यान होते.

कोणत्याही मुलाने लबाडी केलेली नव्हती. पिशवीही एकच होती. तरी आकडे वेगवेगळे आले, कारण नमुना काढला की त्यात दैवाचा थोडा हात असतोच. हा हात किती लांब पोचतो, त्याचे माप म्हणजे चुकीची मर्यादा. इंग्रजी शिकलेली मंडळी तिलाच मार्जिन ऑफ एरर म्हणतात. आमच्या खेळात पाच ते पंधरा म्हणजे शेकडा २० ते शेकडा ६०. खऱ्या चाळीसच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस. पंचवीस चिंचोक्यांच्या पाहणीची चुकीची मर्यादा ‘अधिक-उणे २०’ ती हीच.

आता चाळीसपैकी अडतीस हा आकडा ध्यानात ठेवावा. अडतीस मुले मर्यादेच्या आत राहिली, दोघे बाहेर गेले. पाहणीवाल्यांची रीतही साधारण हीच आहे. ते शंभरांत पंच्याण्णव वेळा, म्हणजे विसांत एकोणीस वेळा, पाळली जाईल अशी मर्यादा सांगतात. विसावी पाहणी प्रामाणिक असूनही मर्यादा ओलांडते आणि आपल्या हाती आलेली पाहणी एकोणिसांतली आहे की विसावी आहे, हे तिच्याकडे नुसते पाहून कळत नाही. ज्याला चार चिंचोके आले त्या मुलाला त्या क्षणी आपण अपवाद आहोत हे ठाऊक नव्हते. इतरांचे आकडे फळ्यावर आले तेव्हा त्याला ते कळले. म्हणून एकट्या पाहणीवर विसंबण्यापेक्षा चार निरनिराळ्या पाहण्या शेजारी ठेवून पाहणे बरे.

यानंतर मी चार-चार मुलांचे आकडे एकत्र करायला सांगितले. आता प्रत्येक गटाचा नमुना शंभराचा झाला. दहा गट झाले आणि त्या दहाही गटांचे पांढरे ३३ ते ४८ यांच्या आत आले. पाहणी चौपट झाली तशी मर्यादा अर्ध्यावर, म्हणजे अधिक-उणे १० वर आली. येथे मुले हटकून विचारतात, “सर, चौपट केल्यावर चूक पावपट का होत नाही?” याचे उत्तर असे की, काढत गेलेल्या चिंचोक्यांत कधी पांढरे जास्त येतात, कधी काळे, आणि ही कमीजास्त एकमेकांना बरीचशी खाऊन टाकते, पण पुरती नाही. पंचवीस काढले की साधारण अडीच चिंचोक्यांचा फरक पडतो. शंभर काढले की फरक दहाचा न पडता पाचाचा पडतो. फरक दुप्पट झाला, पण तो आता चौपट संख्येत वाटला जातो. म्हणून शेकडेवारीत तो निम्मा उरतो.

यातून एक सोपा आडाखा निघतो. विचारलेल्या माणसांच्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याने एकाला भागावे. पंचविसाचे वर्गमूळ पाच, म्हणजे एक पंचमांश, म्हणजे शेकडा २०. शंभराला शेकडा १०, चारशेंना ५, हजाराला ३ हून थोडे अधिक आणि दहा हजारांना १. जेथे दोन बाजू निम्म्या-निम्म्या असतात तेथे हा आडाखा जवळजवळ तंतोतंत लागू पडतो; शेकडा ३० किंवा ४० च्या पक्षालाही कामापुरता चालतो. पाहणी करणाऱ्या संस्था बहुधा काही हजारांवर का थांबतात हेही यावरून उमजते. हजारावरून दहा हजारांवर जायला खर्च दहापट होतो आणि मर्यादा तीनवरून एकावर येते. तेथून पुढे अर्ध्या टक्क्यावर जायचे तर चाळीस हजार माणसे गाठावी लागतात.

आता हा आडाखा घेऊन आपण २०१८ च्या निकालाकडे जाऊ. मतमोजणी ११ डिसेंबरला सुरू झाली आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत चित्र पुरते स्पष्ट झाले नव्हते. अखेर भाजपला शेकडा ४१.०२ मते आणि १०९ जागा मिळाल्या. काँग्रेसला शेकडा ४०.८९ मते आणि ११४ जागा. दोहोंतले अंतर शेकडा ०.१३ चे, म्हणजे साऱ्या राज्यात पन्नास हजारांहूनही कमी मतांचे.

समजा, कोणी हजार मतदारांची अगदी निर्दोष पाहणी केली असती. भाजपला ४१ आले असते, तर त्याचा अर्थ खरा आकडा ३८ ते ४४ च्या दरम्यान कोठेतरी आहे. काँग्रेसचेही तसेच. पण आपल्याला जाणून घ्यायचे असते ते पुढे कोण आहे, म्हणजे दोघांतले अंतर. येथे पुष्कळ शिकलेली माणसेही फसतात. अंतराची चुकीची मर्यादा तीन नसते, ती जवळजवळ दुप्पट असते. कारण नमुन्यात एका पक्षाचा एक माणूस जास्त आला की तो बहुधा दुसऱ्या पक्षाच्या माणसाच्या जागी आलेला असतो. इकडे एक वाढला, तिकडे एक घटला, अंतर दोनाने बदलले. दोन्ही पक्ष शेकडा ४१ च्या आसपास असताना हजारांच्या पाहणीत अंतराची मर्यादा सुमारे ५.६ येते. खरे अंतर ०.१३ चे आणि मोजपट्टीची जाडी ५.६ ची. सुतळीने केस मोजण्याचा हा प्रकार झाला.

मग ०.१३ चे अंतर ओळखायला किती माणसांना विचारावे लागले असते? गणित उलट करून पाहिले, तर उत्तर सुमारे साडेअठरा लाख येते. तेही नमुना पुरता निर्दोष असला तर. तेव्हा त्या संध्याकाळी ज्याने १०२ ते १२० आणि १०४ ते १२२ अशा पैशी दिल्या, त्याला हॉटेलातले लोक ‘दोन्ही दगडांवर पाय’ म्हणून हसत होते, पण आपल्याला किती ठाऊक नाही हे त्याने तरी सांगितले होते. पाहणी मते मोजते आणि जागा मतांवरून अदमासाने काढाव्या लागतात हीही एक अडचण आहे. मतांत भाजप पुढे आणि जागांत काँग्रेस पुढे, असे त्या वेळी झालेच. आपल्याच जिल्ह्यातल्या नेपानगरची जागा काँग्रेसने अवघ्या १,२६४ मतांनी जिंकली. अशा जागा इकडच्या तिकडे झाल्या की सरकार बदलते आणि टक्केवारी मात्र जागची हलत नाही.

येथवरची चूक ही दैवाची चूक आहे. ती सांगता येते, मापता येते, माणसे वाढवून कमी करता येते. दुसऱ्या एका चुकीला मात्र हा आडाखा लागत नाही. चिंचोक्यांच्या खेळात एकदा मीच घाईने पांढरे चिंचोके वरून ओतले आणि पिशवी न हलवता पहिल्या मुलाला बोलावले. त्याने पंचवीस काढले, त्यांत एकवीस पांढरे! त्याच्याकडून वरचे शंभर काढून घेतले असते तरीही पांढरेच आले असते. देग ढवळलेली नव्हती. अशा वेळी नमुना मोठा केल्याने चूक घटत नाही. उलट मर्यादा लहान दिसते, म्हणून चुकीच्या आकड्यावर विश्वास मात्र वाढतो.

या बाबतीत जगप्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. सन १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली आणि वीस लाखांहून जास्त उत्तरे मिळवली. त्यावरून रूझवेल्ट पडणार असे भाकीत केले. रूझवेल्ट शेकडा ६० हून अधिक मतांनी निवडून आले. वर्गमूळ काढले तर चुकीची मर्यादा शेकडा एकाच्या दशांशाहूनही लहान येते. प्रत्यक्ष चूक तिच्या कित्येक पट झाली. नावे टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, मंदीच्या दिवसांत हे लोक खाऊनपिऊन सुखी होते आणि त्यांतही ज्यांना उत्साह होता त्यांनीच उत्तरे धाडली.

दुसरा दाखला आपल्या मराठी माणसाचा आहे आणि तो मला अधिक आवडतो. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना-पाहणीच्या शास्त्रातले मोठे नाव. त्यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. (आमच्या बुधवाऱ्याशी या नावाचा संबंध नाही, तरी मुलांना सांगताना मजा वाटते.) पिकाचा अंदाज काढण्यासाठी शेतात चौकट आखून तेवढेच पीक कापून तोलण्याची पद्धत आहे. चौकट लहान घेतली की काम स्वस्त होते आणि पुष्कळ शेते पाहता येतात. परंतु फार लहान चौकटीने पीक खऱ्यापेक्षा जास्त भरते, असे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले. कारण सोपे आहे. चौकटीच्या रेषेवर जी ताटे येतात ती आत की बाहेर हा कापणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न होतो आणि त्याचा हात ती आत घेण्याकडे वळतो. चौकट जितकी लहान तितकी क्षेत्राच्या मानाने तिची कड मोठी, आणि तितकी ही आगाऊ ताटेही जास्त. अशा हजार लहान चौकटी कापल्या तरी चूक जात नाही, कारण प्रत्येक चौकटीत ती एकाच बाजूला झुकलेली असते.

मतदारांच्या पाहणीतही अशी कड असते. बुऱ्हाणपुरात पाहणी करणारा तरुण सकाळी अकराला आला असे धरा. त्या वेळी पावरलूमवाला मागावर आहे, केळीवाला मळ्यात आहे, घरातली बाई परक्या माणसाशी दारात बोलायला राजी नाही. मग कोण सापडते? हॉटेलात बसलेली, बोलायला उत्सुक असलेली आणि बहुधा एखाद्या पक्षाची माणसे. म्हणून जाणत्या संस्था वाटेत भेटेल त्याला विचारत नाहीत. दिल्लीच्या सी.एस.डी.एस. संस्थेची ‘लोकनीती’ ही शाखा आधी मतदारसंघ, मग मतदान केंद्रे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निवडते आणि मग मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे काढते. यादीत ज्याचे नाव निघाले त्यालाच गाठायचे. तो घरी नाही म्हणून शेजाऱ्याचे मत लिहून घेतले की देग ढवळण्याचे सारे श्रम वाया जातात, कारण घरी सापडणारे आणि न सापडणारे यांचे मत एकसारखे असेलच असे नाही.

केंद्रे निवडून त्यातल्या माणसांना विचारण्यात आणखी एक खोच आहे. हजार माणसे हजार गावांतून न घेता पन्नास केंद्रांतून वीस-वीस घेतात, नाहीतर प्रवासखर्च परवडणार नाही. पण एका मोहल्ल्यातली, एका वाड्यातली माणसे पुष्कळदा एका सुरात मत देतात. बुधवाऱ्यात एका ओळीतल्या वीस घरांना विचारले, तर वीस निराळी मते हाती येत नाहीत. दहा-बारांचीच माहिती मिळते आणि बाकीची तीच पुन्हा ऐकू येते. हे सारखेपण मध्यम प्रमाणात धरले तरी हजारांच्या नमुन्याची किंमत सुमारे पाचशेंच्या मोकळ्या नमुन्याएवढी उतरते आणि मर्यादा ३ वरून ४ च्या वर जाते. वर्तमानपत्रात मात्र छापून येतो तो आकडा बहुधा नुसत्या वर्गमूळाचा असतो.

दैवाची चूक कोणती आणि झुकलेल्या तागडीची कोणती, हे आपल्या राज्यात पुढच्याच निवडणुकीत दिसून आले. सन २०२३ मध्ये भाजपला सुमारे साडेअठ्ठेचाळीस टक्के मते आणि १६३ जागा मिळाल्या. काँग्रेसला सुमारे साडेचाळीस टक्के आणि ६६ जागा. अंतर आठ टक्क्यांचे. अंतराची मर्यादा हजारांच्या निर्दोष पाहणीत सहाच्या आतच असते, तेव्हा एवढे अंतर तिला बहुधा दिसायला हवे. तरीही कित्येक पाहण्यांनी चुरस असल्याचे किंवा काँग्रेस पुढे असल्याचे सांगितले आणि त्यांपैकी पुष्कळांनी हजारांहून कितीतरी अधिक माणसांना विचारले होते. २०१८ ला चुकलेल्याला दैवाचा आधार घेता येतो, २०२३ ला तो घेता येत नाही. तेथे देग ढवळली गेली नव्हती, किंवा माणसांनी मनातले सांगितले नाही, किंवा मतांवरून जागा काढण्याचा हिशेब फसला. यांतले नेमके काय झाले हे त्या पाहणीवाल्यांनी आपल्या वह्या उघडल्याखेरीज बाहेरून सांगता येणार नाही.

राहता राहिला चाचांचा मूळ प्रश्न. त्यांना जे खरोखर हवे होते ते राज्याचे चित्र नव्हतेच. बुऱ्हाणपूरच्या जागेवर कोण येणार हे त्यांना जाणून घ्यायचे होते. राज्याच्या पाहणीत दहा हजार माणसे घेतली तरी एका मतदारसंघाच्या वाट्याला चाळीस-पन्नास येतात. पन्नासांचे वर्गमूळ सातापेक्षा किंचित जास्त; म्हणजे मर्यादा अधिक-उणे १४, आणि दोन उमेदवारांतल्या अंतराची त्याहूनही पुष्कळ अधिक. त्या वर्षी बुऱ्हाणपुरातून निवडून आले ते सुरेंद्रसिंह ठाकूर ऊर्फ शेरा भैया, कोणत्याही पक्षाचे नव्हे तर अपक्ष. राज्याच्या पाहणीत असा उमेदवार ‘इतर’ या एका रकान्यात बाकी साऱ्यांबरोबर जाऊन पडतो. २०२३ च्या निवडणुकीच्या वेळी चाचांनी मला पुन्हा गाठले तेव्हा प्रश्न बदललेला होता. हातात वर्तमानपत्र धरून त्यांनी विचारले, “मास्तरसाहेब, हे सारे ठीक आहे, पण आपल्या जागेवर किती माणसांना विचारले ते यात कोठे लिहिले आहे?” आम्ही दोघांनी पान उलटून पाहिले. ते त्यात लिहिलेले नव्हते.